पंखा बंद करा आणि दहा सेकंद ऐका

वाचकाचं पत्र

मी ३९ वर्षांची आहे, कराडजवळच्या एका गावात राहते. लग्नाआधी बालवाडीत शिकवायचे. आता गावातल्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन माझ्याकडेच असतं. आवाज स्वच्छ आहे, "तुम्ही रेडिओवर पाहिजे होता" असं सगळे म्हणतात. ऑडिओबुक वाचून घरबसल्या पैसे मिळतात असं कळलं, पण माझ्याकडे साधा अँड्रॉइड फोन सोडून काही नाही. एका जाहिरातीत नोंदणीसाठी १,९९९ रुपये मागितलेत. भाऊ म्हणतो, त्यापेक्षा बचत गटातून चाळीसेक हजारांचं कर्ज काढ आणि लॅपटॉप, माईक घे. सराव म्हणून मी एका आवडत्या लेखकाच्या कथा वाचून यूट्यूबवर टाकल्या, तर ओळखीचे एक सर म्हणाले की हे बेकायदा आहे. दुपारी दोन ते चार मी मोकळी असते, पण नेमका तेव्हाच सासूबाईंचा टीव्ही चालू असतो. सुरुवात कुठून करू?

— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर

१,९९९ रुपये भरू नका आणि कर्जही काढू नका. आवाजाच्या कामात पैसे काम देणाऱ्याकडून आपल्याकडे येतात. उलट्या दिशेने जाणारा पहिला रुपया दिसला की तिथून निघायचं, मग त्याला नोंदणी म्हणोत, ऑडिशन फी म्हणोत की "परत मिळणारं डिपॉझिट" म्हणोत. मोबदला जमा करण्यासाठी कुणी यूपीआयचा पिन टाकायला सांगितला तर लगेच फोन ठेवा, कारण पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. कुणी आधीच पैसे भरून बसलं असेल, तर १९३० या क्रमांकावर किंवा cybercrime.gov.in वर तक्रार करता येते, आणि ती जितक्या लवकर होईल तितकी बरी.

आता तुमच्या पत्रातलं एक गृहीतक तपासू. आवाज आहे, फक्त साधन नाही, असं तुम्ही धरून चालला आहात, आणि तुमचा भाऊही तेच धरून चाललाय. मी गेली काही वर्षं पुण्यात दुसऱ्यांची वाचनं तपासण्याचं काम करते. कानाला हेडफोन, हातात छापील संहिता आणि पेन्सिल, असं तासन्‌तास बसायचं. परत पाठवावी लागलेली वाचनं आठवून पाहिली, तर आवाज वाईट म्हणून परत गेलेली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघतील. बाकीची सगळी खोलीमुळे परत गेली, नाहीतर तिसऱ्या दिवसाचा आवाज पहिल्या दिवसासारखा लागला नाही म्हणून. चाळीस हजारांचा माईक यातलं काहीच दुरुस्त करत नाही. उलट चांगला माईक शेजारच्या गोठ्यातली म्हैससुद्धा जास्त स्पष्ट ऐकवतो.

म्हणून पहिलं काम वाचनाचं नाहीच. उद्या दुपारी तुमच्या सगळ्यात आतल्या खोलीत जा, पंखा बंद करा, फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि एक शब्द न बोलता दहा सेकंद रेकॉर्ड करा. मग इअरफोन लावून, आवाज पूर्ण वाढवून ते ऐका. फ्रिजची घरघर, शेजारच्या बोअरची मोटर, रस्त्यावरचा ट्रॅक्टर असं सगळं त्यात सापडेल. आपला कान हे आवाज दिवसभर गाळत असतो. फोन काही गाळत नाही. माझ्या स्वतःच्या पहिल्या कामात असंच झालं होतं. तीन तासांचं वाचन मी घरी केलं, मोठ्या उत्साहाने पाठवलं आणि सगळंच्या सगळं परत आलं. स्वयंपाकघरातला फ्रिज दर वीस मिनिटांनी चालू होत होता, त्यामुळे अर्ध्या वाक्याखाली गुणगुण होती आणि अर्ध्याखाली नव्हती. सतत गुणगुण असती तर एक वेळ खपली असती. ती मध्येच सुरू होऊन मध्येच थांबते, तेव्हा ऐकणाऱ्याचं लक्ष गोष्टीवरून उडतं.

ही शांतता मोजताही येते. तरंग दाखवणाऱ्या एडिटर ॲपमध्ये, उदाहरणार्थ Lexis Audio Editor किंवा WaveEditor मध्ये, तो दहा सेकंदांचा तुकडा उघडा आणि त्याची पातळी किती डेसिबल दाखवते ते पाहा. इथे आकडे शून्याच्या खाली मोजतात, त्यामुळे उणे ६० हे उणे ४० पेक्षा जास्त शांत. ऑडिओबुकसाठी खोलीची शांतता उणे ६० किंवा त्याहून खाली असावी, अशी अट सर्रास घातली जाते. गावातल्या घरात, दिवसा, हा आकडा पहिल्याच दिवशी मिळण्याची आशा धरू नका. उणे ५०च्या आसपास आलात तर छोट्या जाहिरातींसाठी आणि व्हिडिओंखालच्या निवेदनासाठी पुरतं, कारण तिथे मागे संगीत असतं. त्याच आकड्यावर ऑडिओबुक मात्र उघडं पडतं.

दुसरी परीक्षा टाळीची. खोलीच्या मध्यभागी उभं राहून एक जोरदार टाळी वाजवा. मागून "टण्ण" अशी शेपटी आली तर भिंती आवाज परत फेकताहेत. हा घुमारा नंतर कुठल्याही ॲपने नीट काढता येत नाही, आणि "बाथरूममध्ये वाचल्यासारखं वाटतं" हा शेरा त्यामुळेच मिळतो. उपाय तुमच्या घरातच आहे. साड्यांनी भरलेलं कपाट उघडा, त्याच्याकडे तोंड करून बसा आणि पाठीमागे दोरीवर दोन जाड गोधड्या टाका. फोनचा माईक सगळ्या बाजूंनी ऐकतो, म्हणून फक्त समोर कपडा असून भागत नाही, पाठही झाकायला हवी. फोनखाली टॉवेलची घडी ठेवा, नाहीतर टेबलाचा पृष्ठभागही आवाज उलटा फेकतो. डोक्यावर पत्रा असेल तर दुपारच्या उन्हात तो तापून टकटक करतो, हे कदाचित तुमच्या कधी लक्षात आलं नसेल. रेकॉर्डिंगमध्ये ते हमखास येईल. तसं असेल तर पहाटेची वेळ बघा. मात्र कार्तिकात देवळात काकडा सुरू झाला की पहाटही गेली. आणि तुमच्या भागात उसाचा हंगाम सुरू झाला की गाणी लावलेले ट्रॅक्टर दिवसरात्र रस्त्यावर असतात, तेव्हा ते दोन-चार महिने मोठं काम अंगावर न घेणं शहाणपणाचं.

खोली जमली की मग फोन. तुमच्या फोनमधलं नेहमीचं रेकॉर्डर ॲप बोलणं समजावं यासाठी बनवलंय, वाचन ऐकण्यासाठी नाही. तुम्ही थांबलात की ते आपणहून आवाज वाढवतं आणि बोलायला लागलात की कमी करतं. ओळखायची खूण सोपी आहे. एक वाक्य बोला आणि पाच सेकंद गप्प बसा. त्या शांततेत "सूंऽऽ" हळूहळू चढत गेलं, तर ही आपोआप चढउतार चालू आहे. दुसरी भानगड गोंगाट कापण्याची. ती चालू असेल तर शब्दाची शेवटची हलकी अक्षरं गिळली जातात, "पाहिलं होतं" मधलं शेवटचं "तं" अर्धवटच ऐकू येतं. म्हणून असं रेकॉर्डर ॲप घ्या ज्याच्या सेटिंगमध्ये auto gain आणि noise reduction बंद करता येतं. फाइल WAV, ४४.१ किलोहर्ट्झ, मोनो ठेवा. तासाला सव्वातीनशे एमबीच्या आसपास जागा लागते, तेव्हा फोनमधले लग्नाचे व्हिडिओ आधी हलवा. तयार फाइल व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट म्हणून कधीच पाठवू नका, तिथे आवाज दाबून लहान केला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हची लिंक द्या.

फोन तोंडापासून एक वीत दूर आणि थोडा बाजूला ठेवा, नाकासमोर नको. मराठीत महाप्राण अक्षरं भरपूर. "भाकरी", "फणस", "धबधबा" हे तीन शब्द फोन समोर ठेवून म्हणा आणि मग बाजूला सरकवून म्हणा. पहिल्या वेळी माईकवर फुंकर मारल्यासारखा "भप्" येतो, दुसऱ्या वेळी तो बाजूने निघून जातो. फोन हातात धरू नका, बोटाची नुसती हालचालही गडगडल्यासारखी ऐकू येते. काचेच्या बांगड्या काढून ठेवा आणि सुती साडी किंवा सुती कुर्ता घाला, कारण सिंथेटिक कापड श्वासागणिक सळसळतं. उपाशी बसू नका, पोटातली गुरगुर माईकला छान ऐकू येते. दुधाचा चहा पिऊन लगेच बसलात तर जिभेची चिकट चटचट येते. चहा आधी, मग पाणी, मग वीस मिनिटांनी वाचन.

भावाला काही द्यायचंच असेल, तर तारेचा कॉलर माईक घेऊ दे, हजाराच्या आसपासचा. मात्र आधी फोनचं भोक बघा. हेडफोनचं गोल छिद्र नसेल तर टाइप-सीचा माईक लागतो. हा माईक येण्याआधी खोली तयार हवी, नाहीतर तो हजार रुपयांचा घुमारा ऐकवेल.

आता वाचनाकडे येऊ. तुमचं सूत्रसंचालन इथे थोडं आड येईल, हे आधीच सांगून ठेवते. मंचावर आपण पाचशे लोकांशी बोलतो, वाक्याचा शेवट वर उचलतो, टाळीसाठी जागा ठेवतो. पुस्तक ऐकणारा माणूस एकटा असतो, बहुधा पोळ्या लाटत किंवा एसटीत बसून ऐकत असतो, आणि तुमचा आवाज थेट त्याच्या कानात असतो. त्याला आठ तास सूत्रसंचालन सोसवत नाही. बालवाडीत दुपारी मुलं पेंगुळलेली असताना गोष्ट सांगायचात ना, तो आवाज शोधा.

संहिता कधीही पहिल्यांदा माईकसमोर वाचू नका. आधी पेन्सिल घेऊन बसायचं. मराठीत एकच अक्षर दोन तऱ्हांनी उच्चारलं जातं आणि छापताना त्यात फरक दिसत नाही. "ती बाजारात जात होती" यातला "जात" आणि "त्याची जात विचारली" यातला "जात" कागदावर सारखेच. "चार" आकडा आणि गुरांचा "चारा" यांतला च वेगळा. "माझा" म्हणताना झ दातांकडे असतो, "माझी" म्हणताना तो टाळूकडे सरकतो. बोलताना आपलं हे कधी चुकत नाही, पण वाचताना, विशेषतः पुढचा शब्द माहीत नसताना, जीभ अडखळते. अशा शब्दांवर खूण करा. गावांची नावं, आडनावं, संस्कृत वचनं यांची वेगळी यादी करा आणि लेखकाला किंवा प्रकाशकाला एकदाच विचारून घ्या. आणखी एक गोष्ट नवे वाचक हमखास करतात. संहितेत "त्याने सांगितले" असं छापलं असेल आणि तुम्ही ओघात "त्यानं सांगितलं" वाचलं, तर तपासणाऱ्याच्या लेखी ती चूक. मी स्वतः अशा ठिकाणी शंभर खुणा केल्यात आणि वाचणाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्यात. बोलीरूप वापरायचं की छापील, ते काम घेतानाच ठरवून घ्यावं.

वाचताना चूक झाली तर रेकॉर्डिंग थांबवू नका. एक टाळी वाजवा, श्वास घ्या आणि चुकलेल्या शब्दापासून नाही, तर त्या वाक्याच्या सुरुवातीपासून पुन्हा वाचा. नंतर एडिटरमध्ये तरंग बघताना टाळीचा उंच सुळका लांबूनच दिसतो. त्याच्या आधीचं अर्धवट वाक्य आणि टाळी एवढंच कापायचं. पान संपलं की गप्प व्हा, पान उलटा, दोन सेकंद थांबा आणि मग पुढे जा. पान उलटल्याचा आवाज शांततेत असला की सहज कापता येतो, वाक्याखाली आला की ते वाक्यच गेलं. ज्या फोनवर रेकॉर्ड करताय त्याच फोनवर संहिता सरकवत वाचू नका, बोट फिरल्याचा आवाज येतो.

पहिल्या दिवशीच्या चांगल्या वाचनातला अर्ध्या मिनिटाचा तुकडा वेगळा ठेवून द्या. दररोज बसण्यापूर्वी तो ऐकायचा आणि त्याच वेगाने, त्याच पट्टीत सुरुवात करायची. सकाळचा आवाज जड असतो, दुपारी तो उघडतो, म्हणून वेळही रोज तीच हवी. एका बैठकीत पाऊण तासाहून जास्त वाचू नका. थकलेला आवाज वाचताना आपल्याला कळत नाही, दुसऱ्या दिवशी ऐकताना कळतो.

मग पैसे किती? इथे शब्दांचा एक सापळा आहे. ऑडिओबुकचा मोबदला बहुतेकदा तासावर ठरतो, पण तो "तयार तास" असतो, म्हणजे चुका कापून ऐकणाऱ्याच्या कानी पडणारा तास. तुमच्या घड्याळातले तास त्याच्या कितीतरी पट असतात. घरीच मोजून बघा. साधारण अडीचशे शब्दांचं एक पान शांतपणे वाचायला सव्वादोन मिनिटांच्या आतबाहेर लागतात. म्हणजे तासाला सुमारे सात हजार शब्द. चाळीस हजार शब्दांची छोटी कादंबरी झाली पावणेसहा तासांची, आपण सहा धरू. नव्या माणसाला खुणा करणं, वाचणं, कापणं, पुन्हा ऐकणं आणि दुरुस्त्या धरून एका तयार तासामागे पाच तास सहज जातात. म्हणजे तीस तास. तुमच्याकडे रोज दोन तास, आठवड्यातले चार दिवस, म्हणून जवळजवळ चार आठवडे. समजा तयार तासाला हजार रुपये ठरले (हा आकडा हिशेब दाखवण्यासाठी धरलाय, बाजारभाव म्हणून घेऊ नका), तर महिनाभराच्या मेहनतीचे सहा हजार, तासाला दोनशे रुपये. हात बसला आणि पाचाचे चार तास झाले, तर तेच तासाला अडीचशे होतात. वाईट नाहीत, पण जाहिरातीत "तासाला" म्हणून जो आकडा दाखवला असेल त्याला आता पाचाने भागा आणि मग बघा.

याउलट दीडशे शब्दांची जाहिरात वाचून होते सव्वा मिनिटात. तयारी, दोन-तीन वेगवेगळ्या ढंगांत वाचन, कापाकापी आणि एक दुरुस्ती धरून तास-सव्वा तास. त्याचे पाचशे मिळाले तरी दर ऑडिओबुकच्या दुप्पट पडतो. खोली उणे पन्नासवर असली तरी चालते आणि ट्रॅक्टर आला तर तो जाईपर्यंत थांबता येतं. म्हणून माझं मत असं की ऑडिओबुक हे फोनवाल्याचं पहिलं काम नव्हेच, ते तिसरं किंवा चौथं. पहिली कामं कराडच्या पंधरा किलोमीटरच्या परिघात शोधा. घंटागाडीवरची ओल्या-सुक्या कचऱ्याची सूचना, पतसंस्थेच्या फोनवर लागणारा "कृपया प्रतीक्षा करा", क्लासवाल्यांचे व्हिडिओ, कृषी सेवा केंद्रांची औषध फवारणीची माहिती, रिक्षावरून फिरणारी यात्रेची जाहिरात. ही कामं आजही कुणीतरी करतंच आहे, बहुधा दुकानदाराचा पुतण्या. सूत्रसंचालनामुळे ही माणसं तुम्हाला ओळखतात, आणि तुमच्यापाशी ही जी ओळख आहे ती पुण्या-मुंबईच्या निवेदकाकडे नाही.

त्यांना दाखवायला दीड मिनिटाचा नमुना करा. त्यात तीन तुकडे असावेत, एक जाहिरातीचा, एक माहितीचा, एक गोष्टीचा, आणि मजकूर स्वतःच लिहिलेला. दर सांगताना अर्धे पैसे आधी मागा. तुमच्या चुकीची दुरुस्ती फुकट, पण त्यांनी मजकूर बदलला तर पैसे नव्याने, हे व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून घ्या. चाचणी म्हणून कुणी अख्खं प्रकरण वाचून मागितलं तर देऊ नका, एक-दीड मिनिट पुरे. प्रत्येक उमेदवाराकडून एकेक प्रकरण "चाचणी" म्हणून घेऊन पुस्तक फुकट पुरं करणारे महाभाग मी पाहिलेत.

ऑडिओबुकचं दार कुठे आहे तेही सांगते, म्हणजे चुकीच्या दारावर वेळ जाणार नाही. यूट्यूबवर ACX या सेवेवर नाव नोंदवा असं सांगणारे पुष्कळ व्हिडिओ आहेत. ती अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि आयर्लंड इथे राहणाऱ्यांसाठी आहे, आपल्याला तिथे कामच घेता येत नाही. मराठी ऑडिओबुकांना जोर आला तो २०१७ मध्ये स्टोरीटेल भारतात आल्यानंतर. अशा मोठ्या प्रकाशकांची पुस्तकं सहसा स्टुडिओत ध्वनिमुद्रित होतात, म्हणजे तिथे फोन लागतच नाही, लागतो तो चांगला नमुना आणि पुण्यापर्यंतचा प्रवास. घरून करण्याजोगी कामं छोट्या प्रकाशकांकडे किंवा स्वतःचं पुस्तक ऐकवू पाहणाऱ्या लेखकांकडे मिळतात. आणि सातारा, सांगली, कोल्हापूर ही आकाशवाणीची केंद्रं तुमच्या अंगणातच आहेत. तिथे नैमित्तिक उद्घोषकांसाठी अधूनमधून लेखी परीक्षा आणि आवाजाची चाचणी होते. त्यातून घर चालणार नाही, पण उच्चार घासून निघतात. केंद्राच्या सूचनांवर लक्ष ठेवा.

यूट्यूबबद्दल सर म्हणाले ते बरोबर आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे साठ वर्षं हक्क लेखकाचे किंवा त्याच्या वारसांचे राहतात, आणि पुस्तकाचं ध्वनिमुद्रण करणं हा त्यातलाच एक हक्क. लेखकाचं नाव आदराने घेतलं, पैसे मिळवले नाहीत, "केवळ साहित्यप्रेमापोटी" असं खाली लिहिलं, तरी परवानगीची गरज उरतेच. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून सगळ्यांसाठी खुलं आहे. हरि नारायण आपटे १९१९ मध्ये गेले, तेही खुले. पु. ल. देशपांडे २००० मध्ये गेले, म्हणून त्यांचे हक्क २०६० संपेपर्यंत शाबूत आहेत. जुन्या लेखकाचं पुस्तक वाचतानाही प्रस्तावना, टीपा आणि अनुवाद यांचे हक्क वेगळ्या माणसाचे असू शकतात, तेव्हा फक्त मूळ मजकूर वाचा. टाकलेल्या कथा आज खाजगी करून ठेवा. लेखक हयात असतील तर त्यांना एक पत्र पाठवा, सोबत तुमचं दोन मिनिटांचं वाचन जोडा आणि लेखी परवानगी मागा. प्रकाशकाने "हो" म्हटलं तरी ध्वनिमुद्रणाचे हक्क त्याच्याकडे आहेत की लेखकाकडेच राहिलेत, तेही विचारा. पुस्तक छापण्याचा करार म्हणजे ते ऐकवण्याचा करार असतोच असं नाही.

राहिला सासूबाईंचा टीव्ही. वरचा हिशेब पुन्हा बघा. एका तयार तासामागच्या पाच तासांत माईक चालू असतो तो जेमतेम दीड तास. पेन्सिलीच्या खुणा, उच्चारांची यादी, टाळ्या शोधून कापणं, इअरफोन लावून पुन्हा ऐकणं, यातल्या कशालाच शांतता लागत नाही. दोन ते तीन त्यांची मालिका चालू दे, तेवढ्यात तुम्ही खुणा आणि कापाकापी उरका. तीन ते पावणेचार एवढीच वेळ टीव्ही बंद ठेवायची विनंती करा, तीही आठवड्यातून चारच दिवस. पाचव्या दिवशी त्यांच्या हातात छापील पान आणि कानाला इअरफोन द्या, वाचताना एखादा शब्द सुटलाय का ते बघायला सांगा. स्वतःच्या वाचनातला सुटलेला शब्द स्वतःला सापडत नाही, त्याला दुसरा कान लागतोच.